ऐंशी अक्षरांत मेस आणि कॉट

छकुले, तुझ्या ॲपचं वर्णन रात्री वाचलं. रागावू नकोस, पण ‘आर्थिक स्वातंत्र्याकडे पहिलं पाऊल’ हे वाक्य आधी खोड. महिनाअखेरीला बिस्किटपुड्यावर रात्र काढणाऱ्या पोरीला स्वातंत्र्य नको असतं गं, उद्या मेसवाल्या काकूंना काय सांगायचं ते हवं असतं.

प्ले स्टोअरवर मोठं वर्णन चार हजार अक्षरांचं चालतं, पण ते उघडून वाचतंय कोण? आधी दिसतं ते छोटं वर्णन, आणि त्याला जागा ८० अक्षरांचीच. त्यात मराठीचे काना-मात्राही वेगळे मोजले जातात, त्यामुळे जागा भराभर संपते. मी असं लिहून पाहिलं: ‘कॉटभाडं आणि मेस वजा जाता आज खर्चायला किती उरले, ते रोज सकाळी सांगतं.’ मोजलंस तर ६८ भरतात. नावात ‘बेस्ट’ किंवा ‘नंबर वन’ घालू नकोस, गूगलला ते चालत नाही.

मोठ्या वर्णनाची सुरुवात सोयींच्या यादीने करू नकोस, एका महिन्याच्या हिशेबाने कर. समज, घरून ९,००० आले. कॉटचे ३,५०० आणि मेसचे ३,००० गेले, उरले २,५००. तीस दिवसांना वाटले तर रोजचे ८३ रुपये. दहा तारखेपर्यंत जर्नलची प्रिंट आणि मैत्रिणीचा वाढदिवस धरून १,३०० उडाले, तर अकराव्या सकाळी ॲप ८३ नाही, ६० दाखवतं. तो उतरलेला आकडा हेच तुझं ॲप आहे. पहिल्या स्क्रीनशॉटवरही तोच ठेव, रंगीत गोल आलेख मागे ढकल.

आता जरा अवघड गोष्ट. तुझं ॲप बँकेचे मेसेज वाचून खर्च टिपतं. त्या परवानगीसाठी गूगलला वेगळं कारण द्यावं लागतं, ते तू दिलंस. पण ॲप वापरणाऱ्या मुलीला कोण सांगणार? ओटीपीसुद्धा त्याच मेसेजांत येतो, ती बिचकणारच. कोणते मेसेज वाचतेस, फोनबाहेर काही जातं का, हे साध्या शब्दांत लिही. डेटा सेफ्टीच्या रकान्यात एक आणि वर्णनात दुसरंच, असं मात्र होऊ देऊ नकोस.

आणि ॲपला काय जमत नाही, तेही लिही. काही बँका लहानसहान यूपीआय व्यवहारांचे मेसेज पाठवत नाहीत, म्हणजे टपरीवरचा चहा निसटतो. चौघींचं १,२०० रुपयांचं लाइटबिल तू एकटीने भरलंस तर ॲप सगळे तुझ्याच नावावर मांडतं. तिघींचे ९०० परत आले की ते घरून आलेले पैसे समजतं. मेसचे खाडेही हातानेच टाकावे लागतात. हे तू सांगितलं नाहीस, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एक तारा देऊन सांगेल.

खाड्यांचं बटण दुसऱ्या स्क्रीनशॉटवर घे. माझ्या वेळी ते असतं, तर दिवाळीच्या सुट्टीतल्या जेवणाचे पैसे मी उगाच भरले नसते.