वीस दिवसांची सुट्टी आणि दुबईचं भाडं

आखातातून कायमचं परतायचं ठरलं की माणूस आधी मुलांची शाळा बघतो, मग सामानाचा कंटेनर, मग विमानाचं तिकीट. कराचं डोक्यात येतं ते थेट पुढच्या जुलैत, रिटर्न भरायची वेळ आल्यावर. तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं. कुठल्या तारखेला तुम्ही भारतात उतरलात आणि आधीच्या वर्षांत सुट्टीला येऊन किती दिवस राहिलात, यावरच तुमच्या परदेशातल्या उत्पन्नाला इथे कर लागणार की नाही ते ठरतं. मी हे शिकलो ते आमच्या साडूंच्या पासपोर्टवरून. त्यांच्यानंतर दीड वर्षाने मी परतलो, म्हणून त्यांना बसलेली ठेच मला कामी आली.

साडू पंधरा वर्षं दुबईत होते. 10 ऑक्टोबर 2023 ला ते कायमचे चिपळूणला आले. दुबईतला फ्लॅट विकला नाही, भाड्याने दिला. वर्षाचं भाडं साठ हजार दिरहॅम, म्हणजे आपले साधारण 14 लाख रुपये. तिकडे त्यावर वैयक्तिक प्राप्तिकर नाही. इथे काय, असं विचारलं की ते म्हणायचे, "अहो, परतलेल्याला तीन वर्षं सूट असते. सगळे सांगतात." या 'सगळे सांगतात'मध्येच खोट होती. कायद्यात अशी सरसकट तीन वर्षं कुठेही लिहिलेली नाहीत. दर आर्थिक वर्षाचा हिशोब वेगळा होतो आणि तो दिवसांवर होतो.

प्राप्तिकर कायदा माणसाला तीन कप्प्यांत टाकतो. पहिला अनिवासी. दुसरा निवासी, पण 'सामान्यतः निवासी नाही' असा. त्याला सगळे आरएनओआर म्हणतात. तिसरा पूर्ण निवासी. पहिल्या दोन कप्प्यांत असताना परदेशात मिळवलेलं आणि परदेशातच हातात पडलेलं उत्पन्न इथे करपात्र नसतं. तिसऱ्या कप्प्यात गेलात की जगात कुठेही कमावलेला पैसा इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. परतणाऱ्याचा सगळा खटाटोप असतो तो तिसऱ्या कप्प्यात नेमकं कधी पडणार हे ओळखण्याचा.

निवासी ठरण्याची मुख्य कसोटी 182 दिवसांची. 1 एप्रिल ते 31 मार्च या काळात तुम्ही 182 किंवा त्याहून जास्त दिवस भारतात असाल, तर त्या वर्षासाठी निवासी. दुसरीही एक कसोटी आहे: त्या वर्षात निदान 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस. सुट्टीवर भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला या 60 दिवसांच्या बाबतीत सवलत मिळते. कायमचं परतणाऱ्याने ती गृहीत धरू नये.

साडूंनी मोजलं ते 10 ऑक्टोबरपासून. ऑक्टोबरचे 22, नोव्हेंबरचे 30, डिसेंबर आणि जानेवारीचे 31-31, फेब्रुवारीचे 29, मार्चचे 31. एकूण 174. म्हणजे 182 च्या आत, अनिवासी, विषय संपला. पण त्याच वर्षी जूनमध्ये भाचीच्या लग्नाला ते वीस दिवस येऊन गेले होते. आर्थिक वर्ष तेच, त्यामुळे तेही दिवस धरायचे. बेरीज 194. अनिवासी समजणारे साडू 2023-24 मध्येच निवासी ठरले होते. तेरा दिवस उशिरा, 23 ऑक्टोबरला आले असते, तर 181 वर सुटले असते.

यामुळे लगेच काही बिघडलं नाही. निवासी झाला तरी माणूस आरएनओआर ठरू शकतो. त्यासाठी दोनपैकी एक अट पुरी व्हावी लागते: आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असणं, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून भारतात 729 दिवसांपेक्षा जास्त न राहणं. साडूंचं 2023-24 हे वर्ष पहिल्या अटीने सुटलं, कारण मागची दहाही वर्षं अनिवासी होती. 2024-25 सुद्धा सुटलं, दहात नऊ अनिवासी. त्यांच्या पगारावर आणि भाड्यावर या दोन वर्षांत इथे एक रुपयाही कर लागला नाही.

गाडी अडली ती 2025-26 मध्ये. आता मागच्या दहा वर्षांत दोन वर्षं निवासी झाली, म्हणून पहिली अट गेली. उरली 729 दिवसांची. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट घेऊन बसलो. 2024-25 चे पूर्ण 365, 2023-24 चे 194. त्याआधीच्या पाच वर्षांत दर वर्षी पंचेचाळीस दिवसांची सुट्टी, फक्त कोविडच्या 2020-21 मध्ये येणं झालं नव्हतं, म्हणजे 180. एकूण 739. दहा दिवस जास्त.

दहा दिवसांची किंमत बघा. इथल्या ठेवींवर त्यांना 10 लाखांच्या आसपास व्याज मिळतं. नव्या करप्रणालीत निवासी माणसाच्या 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर 2025-26 साठी करसवलत आहे आणि ती आरएनओआरलाही मिळते. म्हणजे त्यांचा कर शून्य राहिला असता. पण आता दुबईचं 14 लाख भाडं जोडायचं. दुरुस्ती-देखभालीची 30 टक्के ठरीव वजावट गेल्यावर 9 लाख 80 हजार उरतात. एकूण उत्पन्न 19 लाख 80 हजार, आणि उपकर धरून कर 2 लाख 4 हजारांच्या घरात. दुबईत कर भरलेला असता तर इथे त्याची वजावट मागता आली असती. तिथे भरलाच नाही, मग मागणार कशाची?

हे टाळता आलं असतं का? आलं असतं, आणि तेही परतल्यानंतर. 2024-25 मध्ये फ्लॅटच्या कामासाठी ते दुबईला जाणारच होते, कंटाळा करून गेले नाहीत. पूर्ण दहा दिवस बाहेर काढले असते, तर बेरीज 729 झाली असती आणि आणखी एक वर्ष हातात आलं असतं. इथे एक सांभाळायचं: निघायचा आणि पोचायचा दिवस भारतातलाच धरून चला. दहा दिवस हवे असतील तर मधले दहा मोजा. आणि हे आकडे आर्थिक वर्ष चालू असतानाच हलवता येतात, 31 मार्चनंतर फक्त बघत बसायचं.

मी स्वतः फेब्रुवारी 2025 च्या उत्तरार्धात आलो. त्या वर्षात 182 सोडाच, 60 दिवसही भरले नाहीत, त्यामुळे 2024-25 ला अनिवासी राहिलो. मग पुढची दोन वर्षं, 2025-26 आणि 2026-27, पहिल्याच अटीने आरएनओआर. सुट्ट्यांचे दिवस उकरायची गरज नाही. त्यापुढे मात्र आशा नाही, कारण भारतात सलग दोन पूर्ण वर्षं काढली की 730 दिवस होतात, 729 ची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, त्यात 'कर वर्ष' हा शब्द आला, तरी दिवसांचं हे गणित तेच आहे.

आरएनओआर म्हणजे सगळं माफ, असं समजणारे आणखी दोन ठिकाणी फसतात. पहिलं, काम. माझ्या जुन्या कंपनीने परतल्यावरही काही महिने मला घरून काम दिलं आणि पगार दुबईच्या खात्यात जमा केला. पैसा तिकडे, कंपनी तिकडे, तरी तो पगार इथे करपात्र, कारण काम भारतात बसून केलं. उलट दुबईतल्या नोकरीची ग्रॅच्युइटी तिथल्या कामाची. ती आधी तिथल्या खात्यात घ्या आणि मग सवडीने इकडे आणा. थेट भारतातल्या खात्यात मागवली, तर ती भारतात मिळालेलं उत्पन्न ठरू शकते आणि सूट हातची जाते.

दुसरं, एनआरई ठेव. तिचं व्याज करमुक्त असतं, पण ते प्राप्तिकराच्या दिवसांवर अवलंबून नाही. ते फेमा या परकीय चलनाच्या कायद्यावर चालतं, आणि फेमाला तुमचा हेतू महत्त्वाचा. कायमचं राहायला उतरलात की त्या कायद्याने तुम्ही निवासी, मग प्राप्तिकरात अनिवासी का असेना. एका बँकेतल्या गृहस्थांनी मला ठासून सांगितलं होतं की आरएनओआर आहात तोवर एनआरई चालू ठेवा, व्याजावर कर नाही. माझ्या सीएने ते ऐकून नुसती मान हलवली. परतल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं आणि ठेव निवासी करून घ्यावी लागते, आणि तेव्हापासूनचं व्याज रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. बँकेने टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असं होत नाही. परकीय चलनातली एफसीएनआर ठेव मात्र मुदतीपर्यंत ठेवता येते, आणि आरएनओआर असेपर्यंत तिचं व्याज करमुक्त राहतं. मुदत संपल्यावर ती रक्कम आरएफसी खात्यात ठेवली, तर तिथेही तीच सूट.

पूर्ण निवासी झालात की रिटर्नमधली 'शेड्यूल एफए' ही परकीय मालमत्तेची यादी भरावी लागते: तिथलं बंद पडत आलेलं खातंसुद्धा. यात माहिती आर्थिक वर्षाची नाही, जानेवारी ते डिसेंबरची द्यायची असते. न दिल्यास काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. एकूण 20 लाखांपर्यंतच्या किरकोळ मालमत्तेला त्यातून सवलत मिळाली आहे, पण घराला नाही. साडूंना म्हणूनच आता आयटीआर-2 भरताना फ्लॅट दाखवावा लागतो.

तिकीट काढण्याआधी मागच्या दहा वर्षांचे येण्या-जाण्याचे दिवस एका कागदावर वर्षवार मांडा. दुबईच्या स्मार्ट गेटवर शिक्का बसत नाही, म्हणून जुनी तिकिटं आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. तो कागद घेऊन सीएकडे जा, आणि 'अनिवासी किती वर्षं होतो' याऐवजी 'पूर्ण निवासी कुठल्या 1 एप्रिलला होणार' हे विचारा. तिथली मालमत्ता विकायची असेल, तर त्या तारखेच्या आत विका. माझाही तिथे एक छोटा स्टुडिओ आहे. तो 31 मार्च 2027 च्या आत दुबईतच विकून पैसे तिथल्या खात्यात घेतले, तर नफ्यावर इथे कर नाही. एक दिवस उशीर झाला तर पूर्ण कर.