डिस्चार्जचा कागद घरच्या बोलीत

घोलवडच्या एका आजींना हृदय कमकुवत झाल्याने धाप लागत होती, पायांवर सूज होती. रुग्णालयातून बऱ्या होऊन घरी आल्या आणि आठव्या दिवशी पुन्हा धाप लागली. सून मनापासून सगळं करत होती, पण कागद इंग्रजीत होता आणि कोणीतरी त्याचा शब्दाला शब्द ठेवून अर्थ सांगितला होता.

फ्युरोसेमाइड या गोळीपुढे ‘ओडी’ लिहिलं होतं. सुनेला अर्थ सांगितला, ‘दिवसातून एकदा’. ती ही गोळी रात्री द्यायची. या गोळीने अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे निघतं, म्हणून आजी रात्रभर उठत राहिल्या आणि शेवटी त्यांनी गोळीच सोडली. तिथे लिहायला हवं होतं : ‘सूज उतरवणारी गोळी. सकाळी नाश्त्यानंतर एक. लघवी जास्त होईल, ते अपेक्षित आहे. न विचारता बंद करू नये.’

‘मीठ कमी’ म्हणजे ताटात वरून मीठ न घेणं, असं घरच्यांनी धरलं. सुके बोंबील, लोणचं, पापड चालूच होते. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, त्यामुळे कागदावर या पदार्थांची नावंच लिहावीत.

‘पाणी दीड लिटर’ यात चहा, ताक, डाळीचं पाणी, शहाळं सगळं धरायचं. सकाळी दीड लिटरची बाटली भरून ठेवा. आजींनी कपभर चहा घेतला की बाटलीतलं कपभर पाणी ओतून टाका. बाटली रिकामी झाली की दिवसाचा वाटा संपला. ही मर्यादा प्रत्येक रुग्णाला नसते, डॉक्टरांनी लिहिली असेल तरच पाळा.

धोक्याची खूण मोजता येईल अशी हवी. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, पायांची सूज चढली किंवा झोपताना जादा उशी लागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उठताना चक्कर आली, तर पुढची गोळी देण्याआधी विचारा. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं यांपैकी काही झालं, तर 108 ला फोन करा.

घरी जाण्याआधी परिचारिकेसमोर बसून प्रत्येक गोळीपुढे चार गोष्टी मराठीत लिहून घ्या : कशासाठी, किती, केव्हा, कधीपर्यंत. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंही दाखवा, कारण वेगळ्या नावाने तीच गोळी दोनदा घेतली जाते. घरात वारली बोलत असाल, तर ऐकलेलं वारलीत घरच्यांना सांगा आणि त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्या. जिथे ते अडखळतील, ती ओळ घेऊन परिचारिकेकडे परत जा. ती कळल्याशिवाय रुग्णालय सोडू नका.