ट्रेलो : ऑफिसात आणि साइटवर

प्रश्न : कतारमधील बांधकामावर ट्रेलो संगणकाऐवजी फोनवर वापरल्यास काय बदलते?

उत्तर : कार्डे तीच राहतात, एका नजरेत मावणारे काम मात्र कमी होते. दोह्यातील ऑफिसात संगणकावर ‘बाकी’, ‘चालू’, ‘पूर्ण’ या याद्या शेजारी-शेजारी दिसतात. फोनवर एका वेळी जेमतेम एकच यादी मावते, त्यामुळे काम कुठे तुंबले ते चटकन कळत नाही. उलट लुसैलच्या साइटवर भिंतीला तडा दिसला, तर त्याचा फोटो तिथल्या तिथे कार्डाला जोडता येतो. हा मोठाच फायदा. खरी अडचण तळघरात येते. रेंज नसताना केलेला बदल फोनमध्येच थांबतो आणि तोवर ऑफिसला कार्ड जुनेच दिसते. म्हणून वर आल्यावर ॲप उघडून बदल पोहोचल्याची खात्री करावी लागते.