आधी हिशेब मागा, मग पत्र

नाशिकचे एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा पुण्यात एका कंपनीत दोन वर्षं होता. नोटीस पिरियड 60 दिवसांचा. तो 35 दिवस भरून नव्या नोकरीत रुजू झाला. जुन्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला दोन्ही अडवून ठेवले आणि 38,350 रुपये भरा, असा मेल पाठवला. वडील म्हणाले, "भरून टाकतो सर, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे." मी म्हटलं, आधी अपॉइंटमेंट लेटर बघू.

त्यात लिहिलं होतं की नोटीसचे जितके दिवस कमी पडतील, तितक्या दिवसांचा बेसिक पगार भरायचा. बेसिक 18,000, म्हणजे दिवसाला 600. 25 दिवसांचे 15,000. कंपनीने मात्र 39,000 च्या ग्रॉसवरून 32,500 काढले होते आणि वर 18 टक्के जीएसटी लावला होता. नोटीसच्या अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात केलेला आहे. काही कंपन्यांच्या पत्रात मात्र पैसे भरून सुटका द्यायची की नाही हे कंपनी ठरवेल, असं कलम असतं. तिथे आकडेमोड पुरत नाही, मॅनेजरची लेखी संमती मिळवावी लागते. म्हणून ते कलम राजीनाम्याआधी वाचा.

दोन्ही कागद वेगळे मागायचे, हेही मी त्याला सांगितलं. रिलीव्हिंग लेटर म्हणजे जबाबदारीतून मोकळं केल्याचा कागद. पैशांचा वाद असला की कंपनी तोच धरून ठेवते. अनुभवाच्या दाखल्यात फक्त कधीपासून कधीपर्यंत आणि कोणत्या पदावर काम केलं, एवढंच असतं, आणि त्याबद्दल दोघांत वाद नव्हताच. मुलाने एचआरला मेल लिहिला:

"कलमानुसार माझ्याकडून 15,000 रुपये येणे आहेत, ते भरायला मी तयार आहे. उरलेल्या रकमेचा आधार कृपया कळवावा. नोकरीच्या कालावधीबद्दल वाद नसल्याने अनुभवाचा दाखला सात दिवसांत द्यावा."

राग नाही, धमकी नाही. सात दिवसांत उत्तर आलं नसतं तर हाच मजकूर रजिस्टर पोस्टाने पाठवायचा आणि मगच वकिलाची नोटीस, असं ठरलं होतं.

दरम्यान नव्या एचआरपासून काही लपवू नका. राजीनामा स्वीकारल्याचा मेल, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि बँकेचं स्टेटमेंट त्यांच्याकडे द्या. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः ईपीएफओच्या पोर्टलवर Mark Exit मधून ती टाकता येते. कुणाकडून दाखला "बनवून" मात्र घेऊ नका. पडताळणी करणारी एजन्सी थेट जुन्या कंपनीलाच विचारते.

पाचव्या दिवशी कंपनीने 15,000 मान्य केले आणि पैसे जमा होताच दोन्ही पत्रं आली. पण दाखल्यावर शेवटचा दिवस नोटीस पूर्ण झाल्याचा, म्हणजे 25 दिवस पुढचा होता. तो तसाच राहिला असता तर मुलगा एकाच वेळी दोन नोकऱ्या करत होता असं दिसलं असतं, म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही दुरुस्तीचा मेल पाठवला.