न्यूटनची वलये वरून ठळक, खालून फिकट का?

सपाट काचेवर बहिर्वक्र भिंग ठेवून त्यावर सोडियमच्या दिव्याचा प्रकाश सोडला की वरून पाहताना काळी-पिवळी वलये दिसतात. तीच वलये काचेच्या खालून, म्हणजे आरपार आलेल्या प्रकाशात पाहिली, तर जेमतेम ओळखू येतात. भिंग तेच, दिवाही तोच. मग फरक कशाने पडतो? आमच्या प्रयोगशाळेत हे पाहिल्यावर मी त्याचे गणित मांडले.

पट्टे किती ठळक आहेत, ते दृश्यतेने मोजतात:

V = (Imax − Imin) / (Imax + Imin)

काळा पट्टा पूर्ण काळा असेल तर V = 1, आणि पट्टे दिसतच नसतील तर V = 0. दोन किरणांच्या तीव्रता I1 आणि I2 असतील तर

V = 2√(I1·I2) / (I1 + I2)

यात वर्गमूळ येते, कारण एकमेकांत मिसळतात ते तरंगांचे आयाम. तीव्रता ही आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतो, म्हणजे पंचविसावा भाग. वरून पाहताना एक किरण हवेच्या थराच्या वरच्या बाजूवरून येतो आणि दुसरा खालच्या बाजूवरून. दुसऱ्याला वरची बाजू दोनदा ओलांडावी लागते, म्हणून तो किंचित कमी पडतो. आयामांचे प्रमाण २५ : २४ येते. बेरीज ४९, तिचा वर्ग २४०१. वजाबाकी १, तिचा वर्ग १. V = २४००/२४०२, म्हणजे जवळजवळ १. म्हणूनच वरून वलये इतकी काळी दिसतात.

खालून पाहताना एक किरण सरळ आरपार येतो. दुसरा थरात दोनदा परावर्तित होऊन येतो, म्हणून त्याची तीव्रता पहिल्याच्या फक्त १/६२५ असते. आयामांचे प्रमाण २५ : १. बेरजेचा वर्ग ६७६, वजाबाकीचा ५७६. V = १००/१२५२, म्हणजे सुमारे ०.०८.

मला यातली खरी गंमत अशी वाटते, की ६२५ पट दुबळा किरणसुद्धा ८ टक्के दृश्यता देतो. नुसत्या तीव्रता मिळवल्या असत्या तर त्याचा पत्ताही लागला नसता.

हे सूत्र दोन्ही किरण एकाच प्रकाशातून फुटलेले आणि एकमेकांशी ताल राखणारे असतील तरच पूर्ण लागू पडते. तीव्रता असमान असतील तर सगळीच वलये सारखी फिकट होतात. खोलीतला उजेड आत आला तरीही तसेच होते. दिवे मालवून पाहिले की ते कारण वेगळे काढता येते. पण मधली वलये ठळक आणि बाहेरची पुसट असतील, तर दोष तीव्रतेचा नाही. पांढऱ्या प्रकाशात नेमके हेच घडते: तरंगलांबी अनेक असल्यामुळे मधली काही वलयेच दिसतात आणि पुढची एकमेकांत मिसळून जातात.