टॅली झालं म्हणून टिक करू नकोस

कंपनी अकाउंट्सच्या वह्या तपासायला घेतल्यास ना, तर एक सांगून ठेवतो. पहिल्या पानावरची जर्नल एंट्री आधी वाचू नकोस. मागच्या पानावरचं, पेन्सिलीनं केलेलं वर्किंग शोध. शेअर्सच्या गणितात पोरं चुकतात ती तिथे. एंट्री पाठ असते, त्यामुळे ती दिसायला नेहमीच सुरेख असते.

उदाहरण घेऊनच बोलू, म्हणजे हवेत राहणार नाही. कंपनीने १० रुपयांचे १०,००० शेअर २ रुपये प्रीमियमने काढले. अर्जाबरोबर ३ रुपये, वाटपाच्या वेळी प्रीमियम धरून ५, पहिल्या कॉलला २ आणि शेवटच्या कॉलला २. अर्ज आले १५,००० शेअर्सना. ३,००० शेअर्सचे अर्ज नाकारून पैसे परत केले आणि उरलेल्या १२,००० वाल्यांना प्रो-राटा १०,००० शेअर दिले. जादा आलेले पैसे वाटपाच्या रकमेत वळवले. एका गृहस्थाला ५०० शेअर मिळाले. त्याने अर्जानंतर एक पैसाही भरला नाही. दोन्ही कॉल झाल्यावर त्याचे शेअर जप्त केले, आणि त्यातले ३०० पुढे ८ रुपयांनी, पूर्ण भरणा झालेले म्हणून, दुसऱ्याला दिले.

आता वहीत पहिली नजर टाकायची ती या गृहस्थावर. त्याने अर्ज किती शेअर्सचा केला होता? १२,००० ला १०,०००, म्हणजे ५०० मिळवायला ६०० चा अर्ज हवा. ही ओळ वहीत नसेल तर पुढचं सगळं संशयित. ६०० गुणिले ३, म्हणजे त्याने १,८०० रुपये भरले. त्यातले १,५०० अर्जाच्या खात्यात जिरले आणि ३०० वाटपाकडे गेले. वाटपाचे त्याच्याकडून येणे २,५००, त्यातून ३०० वजा, म्हणून थकले २,२००. कॉलचे एक हजार आणि एक हजार धरून एकूण थकबाकी ४,२००.

जप्तीची एंट्री मग अशी यायला हवी: शेअर कॅपिटल डेबिट ५,०००, सिक्युरिटीज प्रीमियम डेबिट १,०००, कॉल्स इन अरिअर्स क्रेडिट ४,२००, शेअर फॉरफिचर क्रेडिट १,८००. कुणी अरिअर्सचं वेगळं खातं न काढता वाटप, पहिला कॉल आणि शेवटचा कॉल अशी तीन खाती २,२००, १,००० आणि १,००० ने क्रेडिट करतं. तेही बरोबर आहे. त्याला गुण कापू नकोस, फक्त दोन्ही पद्धतींची खिचडी केली आहे का ते बघ.

आता खरी गोम. निम्म्या वह्यांत तुला थकबाकी ४,५०० आणि फॉरफिचर १,५०० दिसेल. पोराने ६०० च्या जागी ५०० गुणिले ३ केलं आणि वाटपाची थकबाकी सरळ २,५०० धरली. गंमत बघ, ४,५०० आणि १,५०० मिळून ६,००० च होतात! एंट्री जुळते. पुढे वाटपाची वसुली तो ४१,८०० ऐवजी ४१,५०० दाखवतो, बँक ३०० ने कमी, फॉरफिचरही ३०० ने कमी, आणि ताळेबंद दोन्ही बाजूंना १,१७,९०० वर व्यवस्थित बसतो. पोरगं खाली दोन रेघा मारून मोकळं होतं आणि घाईतला तपासनीसही त्यावर टिक करून मोकळा होतो. चूक एकच असली की ती दोन्ही बाजूंना सारखीच फिरते, म्हणून ताळेबंद तिला पकडत नाही.

तिला पकडायची बाहेरून. वहीतला एकही आकडा न घेता, फक्त प्रश्न वाचून बँकेत किती यायला हवं ते काढ. पूर्ण पैसे भरलेले ९,५०० शेअर गुणिले १२, म्हणजे १,१४,०००. त्या गृहस्थाचे १,८००. पुन्हा दिलेल्या ३०० शेअर्सचे २,४००. बेरीज १,१८,२००. नाकारलेल्या अर्जांचे ९,००० आले तसे गेले, त्यांचा विचारच नको. हा आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून मगच आत शिर. बँक १,१७,९०० दिसली की फरक ३०० चा, आणि ३०० कुठून आले हे तुला आधीच ठाऊक असतं.

फॉरफिचरची रक्कमही अशीच एका ओळीत पडताळता येते: त्या माणसाच्या खिशातून प्रत्यक्ष आलेले पैसे, प्रीमियमपोटी आलेले सोडून. इथे प्रीमियम आलाच नाही, कारण जादा ३०० रुपये वाटपाच्या भांडवली भागात आधी धरायचे असतात; म्हणून सगळे १,८००. समज, शेवटचा कॉल मागण्याआधीच जप्ती झाली असती, तर कॅपिटल डेबिट ४,००० आणि अरिअर्स ३,२०० झाले असते, पण फॉरफिचर १,८०० च राहिलं असतं. कॅपिटल मागितलेल्या रकमेनेच डेबिट होतं, दर्शनी किमतीने नव्हे, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात बसत नाही. प्रश्नात 'दोन्ही कॉल झाल्यावर' आहे की 'पहिल्या कॉलनंतर', हे म्हणून तू स्वतः अधोरेखित करून घे.

प्रीमियमचंही तसंच. न आलेला प्रीमियम उलटवायचा, आलेला नाही. याने वाटप भरून नुसते कॉल चुकवले असते, तर प्रीमियमच्या खात्याला हात लावायचं कारण नव्हतं. कलम ५२ ने त्या पैशाचा वापर ठरावीक कामांपुरता बांधून ठेवला आहे, जप्तीत तो परत काढता येत नाही.

शेवटी पुन्हा वाटप. ८ रुपयांनी दिले म्हणजे शेअरमागे २ ची सूट, ३०० ला ६००, ती फॉरफिचरमधून. इथे पोरं १,८०० मधून ६०० वजा करून १,२०० कॅपिटल रिझर्व्हला नेतात. पण दिले ३०० च, २०० अजून कंपनीकडे पडून आहेत. शेअरमागे जप्त ३ रुपये ६० पैसे, म्हणून ३०० चे १,०८०, त्यातून ६०० वजा, कॅपिटल रिझर्व्ह ४८०. उरलेले ७२० फॉरफिचरमध्येच राहतात आणि ताळेबंदात ९८,००० च्या भांडवलाखाली मिळवून दाखवतात. ही चूकही टॅली होते, बरं का, आणि हिच्यात बँकेचा आकडाही बरोबर असतो. म्हणून हे ७२० वेगळे शोधावेच लागतात. सूट शेअरमागे ३ रुपये ६० पैशांहून जास्त दाखवली असेल, तर प्रश्नच चुकीचा उतरवून घेतला आहे असं समज.

गुण देताना एक कर. ६०० काढलं आणि पुढे गुणाकारात घसरला, तर पायऱ्यांचे गुण दे. ६०० काढलंच नाही आणि ताळेबंद मात्र जुळवून आणला, तर त्याला वही परत दे आणि फक्त एवढंच विचार: या माणसाने बँकेत एकूण किती पैसे भरले?