कोण, गिरीश?

प्रश्न : आजोबांना कमी ऐकू येतं. फोनवर ओरडून ‘सतीश’ म्हटलं तरी ते ‘कोण, गिरीश?’ विचारतात. काय करू?

उत्तर : ओरडू नका, त्याने आवाज फाटतो. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, ‘स’ त्यातलाच. साध्या फोनवर ३४०० हर्ट्झच्या वरचं बहुधा कापलंच जातं, ओठही दिसत नाहीत. मग ‘ईश’ तेवढं पोचतं.

‘नमस्कार आजोबा’ म्हणून थांबा. त्यांचा हुंकार आला की सावकाश सांगा, ‘मी सतीश.’ पुन्हा, ‘सुमनचा सतीश, नाशिकहून.’ नात्यामुळे नाव ओळखता येतं. अक्षरं तोडू नका, शब्दांमध्ये थांबा. नुसत्या ‘हो, हो’वर विसंबू नका (ते बरेचदा संकोचाचं असतं), ‘कोण बोलतंय, ओळखलंत?’ विचारा. कानामागचं श्रवणयंत्र असेल, तर फोन यंत्राच्या माईकजवळ धरायला सांगा.